कोर्ट भेटीची डायरी आणि इंटर्नशिप अहवाल: एका चेक बाउन्स खटल्याच्या आधाराने

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षांत ‘मूट कोर्ट आणि इंटर्नशिप’ हा शंभर गुणांचा पेपर येतो. त्यातले तीस गुण दोन खटले, एक दिवाणी आणि एक फौजदारी, प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहण्याला आणि त्यांची नोंद ठेवण्याला आहेत. आणखी तीस गुण वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराशी झालेली बोलणी आणि दाव्याची तयारी पाहून लिहिलेल्या डायरीला आहेत. बार काउन्सिलच्या २००८च्या नियमांतली ही चौकट आहे. डायरीचा नमुना मात्र प्रत्येक विद्यापीठ आपापला ठरवतं, त्यामुळे लिहायला बसण्याआधी तो कॉलेजातून घेऊन या.

दरवर्षी येणाऱ्या डायऱ्यांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘आज न्यायालयात जाऊन कामकाज पाहिले, खूप शिकायला मिळाले.’ काय शिकायला मिळालं, ते मात्र पानभर शोधूनही सापडत नाही. कारण साधं आहे. विद्यार्थी चार कोर्टांत दहा-दहा मिनिटं बसतो, हातात काहीच लागत नाही, आणि मग पुस्तकातून खटल्याचे टप्पे उतरवून काढतो. त्यापेक्षा एकच खटला धरून ठेवा. फौजदारीसाठी माझी शिफारस चेक बाउन्सची, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१च्या कलम १३८ची. पुढे याच प्रकारचा एक नमुना खटला घेतला आहे. त्यातले पक्षकार आणि तारखा रचलेल्या आहेत, पण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोणत्याही कोर्टात बसलात तर असा खटला त्या दिवशीच्या बोर्डावर बहुधा असतोच.

खटला कसा निवडायचा

१३८ची शिफारस अशासाठी की यात साक्षीदार थोडे असतात, कागद मोजके असतात आणि वादाचा मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो. खुनाचा सेशन्स खटला ऐकायला रंजक वाटतो. पण महिनाभराच्या इंटर्नशिपमध्ये त्यातले दोन पंच आणि एखादा डॉक्टर एवढंच तुमच्या वाट्याला येईल.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर त्या कोर्टाचा रोजचा बोर्ड दिसतो. महाराष्ट्रात १३८च्या तक्रारी बहुधा ‘एससीसी’ या क्रमांकाखाली नोंदल्या जातात आणि पोलिसांच्या दोषारोपपत्रावरचे खटले ‘आरसीसी’ खाली. बोर्डावर प्रत्येक प्रकरणापुढे टप्पा लिहिलेला असतो. ‘समन्स’ किंवा ‘वॉरंट’ असेल तर ते सोडून द्या, कारण आरोपी हजर होईपर्यंत तिथे फक्त पुढची तारीख पडणार. ‘पुरावा’ लिहिलेलं आणि फिर्यादीचा उलटतपास बाकी असलेलं प्रकरण हवं. ते नेमकं कोणतं, हे तुमचे वकील किंवा कोर्टातला बेंच क्लार्क एका वाक्यात सांगतो. फक्त सकाळी अकराच्या पुकाऱ्याच्या गडबडीत त्याला गाठू नका.

प्रकरण ठरलं की त्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर लिहा. या एका क्रमांकावरून पुढच्या सगळ्या तारखा, त्या दिवशी काय झालं याची थोडक्यात नोंद आणि लागला तर निकालही पाहता येतो. तपासणाऱ्या प्राध्यापकांनाही तो पाहता येतो, हे लक्षात असू द्या. कोर्टाला सुट्टी असलेल्या दिवशी उलटतपास पाहिल्याचं लिहिणारे विद्यार्थी असतात, ते इथेच सापडतात.

काही कोर्टांत बसायचंच नाही. बलात्काराचे आणि पोक्सोचे खटले इन कॅमेरा चालतात. अशा ठिकाणी वकिलांच्या मागून आत शिरू नका. पीडितेची ओळख उघड होईल असा एक शब्दही डायरीत उतरवणं हा गुन्हा ठरू शकतो. बाकी कोर्टं खुली असतात, कोणीही मागच्या बाकावर बसू शकतो. फोन बंद ठेवायचा आणि रेकॉर्डिंग अजिबात करायचं नाही. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा कोट-टाय चालतो. गाऊन आणि बँड मात्र सनद मिळाल्यावरच.

कोर्टात जाण्याआधी: तारखांचं पान

१३८च्या खटल्यात कागद पाहिल्याशिवाय उलटतपास कळत नाही. म्हणून वकिलांच्या फाइलमधून, त्यांची परवानगी घेऊन, आधी तारखा काढा. आपला नमुना असा आहे. फिर्यादी किराणा दुकानदार आहे. त्याचं म्हणणं, ओळखीच्या ठेकेदाराला चार लाख रुपये हातउसने रोख दिले आणि परतफेडीपोटी त्याने ५ जून २०२३चा चेक दिला. ९ जूनला तो ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ या शेऱ्याने परत आला. २४ जूनला वकिलामार्फत नोटीस गेली, २७ जूनला ती आरोपीला मिळाली. पैसे आले नाहीत, उत्तरही आलं नाही. २ ऑगस्टला तक्रार दाखल झाली.

आता कायदा या तारखांवर ठेवून बघा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस हवी, ती पंधराव्या दिवशीच गेली. नोटीस मिळाल्यापासून आरोपीला पैसे भरायला १५ दिवस, म्हणजे १२ जुलैपर्यंत. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर तक्रारीला कारण घडतं आणि तिथून एका महिन्यात तक्रार हवी. २ ऑगस्ट त्यात आरामात बसतो. हे अर्धं पान तुमच्या अहवालातलं पहिलं खरं विश्लेषण आहे. यात कुठे एक दिवस जरी चुकलेला दिसला तरी बचावाचा पहिला हल्ला तिथेच होणार, हे तुम्हाला कोर्टात जाण्याआधीच माहीत असतं.

याच पानावर आणखी एक गोष्ट नोंदवा: खटला जुन्या संहितेखाली चालू आहे की नव्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली, पण त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्याच फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालतात. आपला खटला २०२३चा आहे, म्हणून आरोपीचा जबाब कलम ३१३खालीच होईल, नव्या ३५१खाली नाही. पुराव्याच्या कायद्याचंही तेच. नवी पुस्तकं हाताशी असलेले विद्यार्थी सरसकट नवी कलमं टाकतात आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकतात.

बाकावर बसल्यावर काय टिपायचं

वहीचं डावं पान फक्त पाहिलं-ऐकलं त्यासाठी ठेवा आणि उजवं त्या रात्री कायदा बघून लिहायला. मिसळलं की आठ दिवसांनी तुम्हालाच कळत नाही की ‘आरोपी घाबरलेला होता’ हे दिसलं होतं की वाटलं होतं. डाव्या पानावर ‘आरोपीने तीनदा वकिलांकडे पाहिलं’ एवढंच येऊ शकतं.

१३८मध्ये नवख्याचा पहिला गोंधळ असा होतो की सरतपास ऐकूच येत नाही. कलम १४५प्रमाणे फिर्यादीची मुख्य साक्ष प्रतिज्ञापत्रावर दिली जाते. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो, प्रतिज्ञापत्रावरची सही आपली आहे आणि मजकूर खरा आहे असं सांगतो. चेक, बँकेचा मेमो, नोटिशीची स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि पोच यांना निशाणी क्रमांक पडतात, आणि पाच मिनिटांत सरतपास संपतो. हे क्रमांक टिपून घ्या. अहवालात ‘चेक (नि. १८)’ असं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही तिथे होतात.

मग उलटतपास सुरू होतो, आणि इथे कान आणि डोळे दोन्ही लागतात. वकील जे विचारतात, साक्षीदार जे बोलतो आणि न्यायाधीश स्टेनोला जे सांगतात, या तीन वेगळ्या गोष्टी असतात. आपल्या नमुन्यात बचावाचे वकील विचारतात, “वर्षाला उत्पन्न किती तुमचं?” फिर्यादी म्हणतो, “दुकानाचं धरून तीन लाखांच्या आसपास.” “इन्कम टॅक्सचं रिटर्न भरता?” “हो, भरतो ना.” “मग त्यात हे चार लाख दिलेले दाखवलेत का?” फिर्यादी क्षणभर थांबतो, “नाही, ते असं… घरचेच पैसे होते.” न्यायाधीश लिहून घ्यायला सांगतात: ‘हे खरे आहे की, आरोपीस दिलेली रक्कम मी माझ्या आयकर विवरणपत्रात दाखवलेली नाही.’

थोड्या वेळाने वकील म्हणतात, “तुम्ही आणि आरोपी एकाच भिशीत होतात.” “होतो.” नोंद होते: ‘हे खरे आहे की, मी व आरोपी एकाच भिशीचे सभासद होतो.’ पुढचा प्रश्न, “त्या भिशीच्या तारणापोटी तुम्ही कोरा चेक घेतला आणि नंतर त्यावर रक्कम टाकली.” “नाही साहेब, खोटं आहे.” नोंद: ‘असे म्हणणे खरे नाही की, सदरचा धनादेश मी भिशीच्या तारणापोटी कोरा घेतला होता.’

हे तिन्ही जबाब कागदावर सारखेच दिसतात, पण त्यांचं वजन फार वेगळं आहे. ‘हे खरे आहे की’ने सुरू होणारं वाक्य म्हणजे कबुली. ती पुरावा आहे आणि युक्तिवादात वकील तिच्यावरच उभे राहतील. ‘असे म्हणणे खरे नाही की’च्या पुढे जे येतं ते बचावाने सुचवलेलं, साक्षीदाराने नाकारलेलं. त्यातून कोरा चेक घेतला होता हे सिद्ध होत नाही. मग वकील असे प्रश्न का विचारतात? तर बचावाची भूमिका साक्षीदारासमोर मांडून ठेवण्यासाठी, नाहीतर ‘ही गोष्ट नंतर सुचली’ असं म्हणायला समोरच्याला वाव राहतो. निम्म्या डायऱ्यांत हा फरक पुसला जातो आणि ‘उलटतपासात चेक कोरा असल्याचे निष्पन्न झाले’ असं लिहिलेलं मिळतं. तसं काही निष्पन्न झालेलं नसतं. डाव्या पानावर कबुलीसमोर ‘क’ आणि नाकारलेल्या सूचनेसमोर ‘ना’ असं लिहीत गेलात तर रात्री उजवं पान भरताना निम्मं काम झालेलं असेल.

वकिलांच्या फाइलमध्ये जबाबाची नक्कल येते तेव्हा आपली नोंद तिच्याशी ताडून पाहा. ‘ते असं… घरचेच पैसे होते’ हे वाक्य नकलेत असेलच असं नाही. नसेल तर ते तुमच्या डायरीत राहू द्या, पण ते कोर्टाच्या अभिलेखावर नाही हे शेजारी लिहा. निकाल अभिलेखावर होतो.

तारीख पडली तरी नोंद करायची. फक्त ‘न्यायदानात विलंब होतो’ असं नको. फिर्यादीचे वकील दुसऱ्या कोर्टात होते, की आरोपी गैरहजर होता, की साहेब रजेवर होते, ते लिहा. तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कलम १४३ म्हणतं. ई-कोर्ट्सवर मागच्या सगळ्या तारखा आहेत. त्यांतल्या किती कोणाच्या कारणाने गेल्या याची यादी करा. त्या एका पानातून विलंबाबद्दल जे कळतं, ते तीन पानी निबंधातून कळणार नाही.

चिंतन म्हणजे काय लिहायचं

या शब्दाने विद्यार्थी बिचकतात आणि ‘न्यायालयाची शिस्त पाहून मी प्रभावित झालो’कडे वळतात. त्याऐवजी प्रत्येक दिवसाच्या उजव्या पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: आज सकाळी मी काय धरून चाललो होतो आणि दुपारी त्यातलं काय टिकलं नाही? नमुन्यातल्या दिवसाची नोंद अशी होऊ शकते:

‘कर्ज दिलं होतं हे फिर्यादीने सिद्ध केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं मला वाटत होतं, कारण फौजदारीत सिद्धतेचा भार फिर्यादी पक्षावर असतो असं शिकलो होतो. प्रत्यक्षात बचावाच्या वकिलांनी चेकवरची सही नाकारलीच नाही आणि सगळा वेळ फिर्यादीच्या उत्पन्नावर घालवला. रात्री कलम १३९ वाचल्यावर कारण कळलं. सही मान्य झाली की चेक देण्यापोटी दिला असं कोर्ट धरून चालतं आणि ते खोडायचं काम आरोपीकडे जातं. सरसकट नकार दिला असता तर आरोपीच्या हाती काहीच राहिलं नसतं.’

या नोंदीत एक समजूत आहे, ती मोडणारी पाहिलेली गोष्ट आहे आणि नंतर वाचलेलं कलम आहे. एवढंच लागतं. भावना लिहायला हरकत नाही, पण तीही अशीच बांधलेली असावी. ठेकेदार दिवसाची मजुरी बुडवून दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसला आणि पुकारा झाल्यावर दोन मिनिटांत तारीख घेऊन गेला, हे पाहून तुम्हाला जे वाटलं ते जरूर लिहा. मात्र त्या दिवशी तारीख का पडली हेही त्याखाली येऊ द्या.

अहवालाचा कणा: एकच प्रश्न

डायरी दिवसांच्या क्रमाने जाते, अहवाल तसा जात नाही. सुरुवातीला कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक, तुम्ही हजर असलेल्या तारखा आणि खटल्याची हकिगत दीड पानात उरका. पक्षकारांची नावं न देता ‘फिर्यादी’ आणि ‘आरोपी’ पुरतं. टप्प्यांची पाठ्यपुस्तकी यादी नको. मग एक प्रश्न मांडा. आपल्या खटल्यात तो असा येईल: सही मान्य असताना, उलटतपासातल्या कबुलींमुळे कलम १३९चं गृहीतक खोडलं जातं का?

याला दोन्ही बाजूंनी भिडायचं. फिर्यादीच्या बाजूने रंगप्पा विरुद्ध श्री मोहन (२०१०) आहे. कायद्याने वसूल करता येईल असं देणं होतं, हेही कलम १३९च्या गृहीतकात येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं. आरोपीने नोटिशीला उत्तर दिलं नाही ही गोष्टही तिथे आरोपीविरुद्ध धरली गेली, आणि आपल्या खटल्यातही उत्तर आलेलं नाही. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) सांगतो की सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला म्हणून गृहीतक जात नाही. म्हणजे ‘चेक कोरा दिला होता’ एवढ्यावर ठेकेदार सुटणार नाही.

आरोपीच्या बाजूने बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा (२०१९). गृहीतक खोडायला आरोपीने संशयातीत पुरावा द्यायचा नसतो, शक्यतेचा कौल आपल्या बाजूने दाखवला तरी पुरे. त्यासाठी त्याने स्वतः पिंजऱ्यात जाण्याचीही गरज नाही, फिर्यादीच्याच पुराव्यातून ते करता येतं. फिर्यादीकडे एवढी रक्कम द्यायची ऐपत होती का, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला. आता तुमच्या ‘क’च्या नोंदी काढा. वर्षाला तीन लाख मिळवणारा माणूस चार लाख रोख देतो, लेखी काही नाही, विवरणपत्रात नाही, आणि दोघं एका भिशीत होते.

इथे घाई करू नका. भिशीतली कबुली तारण सिद्ध करत नाही, फक्त बचावाच्या गोष्टीला जागा करून देते. उत्पन्नाची कबुली ऐपतीवर शंका आणते, पण फिर्यादीकडे आधीची बचत असू शकते. ती विचारली गेली का? फेरतपास झाला का? कलम ३१३च्या जबाबात आरोपीने भिशीबद्दल काही सांगितलं, की प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ एवढंच? तो जबाब शपथेवर नसतो, तरी बचावाची गोष्ट सुरुवातीपासून एकच आहे का, हे त्यातून दिसतं. बचाव साक्षीदार म्हणून भिशी चालवणारा आला का? तो आला नसेल तर तेही तुमच्या विश्लेषणात यायला हवं.

तुमची इंटर्नशिप संपेपर्यंत निकाल लागला नसेल तर तो वर्तवू नका. कोर्टापुढे कोणते दोन-तीन प्रश्न उरले आणि त्यातल्या कुठल्या प्रश्नावर तुमच्या नोंदी अपुऱ्या आहेत, ते लिहा. निकाल लागला आणि ई-कोर्ट्सवर आला तर तो उतरवून काढण्यात अर्थ नाही. त्यातली कारणमीमांसा वाचा आणि न्यायाधीशांनी तुमच्या कोणत्या ‘क’ला वजन दिलं, कोणत्या सोडून दिल्या, हे दाखवा. त्यांच्याशी तुमचं मत जुळत नसेल तरी चालतं, पण कोणत्या कबुलीच्या आधारे ते मत झालं हे त्यात दिसलं पाहिजे.

वकिलांच्या ऑफिसातलं

पक्षकाराच्या दोन बैठकी पाहून लिहायच्या असतात. यात पक्षकाराने आधी काय सांगितलं आणि वकिलांनी विचारल्यावर काय बाहेर आलं, हे समोरासमोर ठेवा. दुकानदार येऊन म्हणतो, “त्याने फसवलं.” वकील विचारतात, “मेमो कोणत्या तारखेचा आहे?” त्यांच्यासाठी गोष्ट तिथून सुरू होते. मात्र ऑफिसात पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं अहवालात जाता कामा नये. ती गोपनीयता वकिलाच्या कारकुनांवरही आहे आणि तुम्ही त्या ऑफिसात त्यांच्यातलेच. कोर्टात उघड झालेलं लिहा. ऑफिसात ऐकलेलं लिहायचं असेल तर ओळख पटणार नाही इतकं बदलून, आणि वकिलांना दाखवून. दाखल करण्याच्या कामात वकालतनामा, कोर्ट फी स्टॅम्प, कागदांची यादी आणि समन्सचा भत्ता हे क्रमाने कोणी, कुठल्या खिडकीवर केलं, एवढं पुरतं.

वकिलांची सही रोजच्या नोंदीखाली त्याच आठवड्यात घ्या. शेवटच्या दिवशी एकाच पेनाने, एकाच शाईत केलेल्या वीस सह्या परीक्षक लगेच ओळखतात. तोंडी परीक्षेला जाताना अहवालापेक्षा डावं पान पुन्हा वाचा. प्रश्न बहुधा तिथूनच येतात: कोणती निशाणी, कोणता साक्षीदार, कोण काय बोललं. एखाद्या तारखेला तुम्ही नव्हता तर ‘त्या दिवशी मी हजर नव्हतो, ई-कोर्ट्सवर अशी नोंद आहे’ असं सरळ सांगा.